‘शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता ४.७ टक्के’: एका वाक्याची दुरुस्ती

हे प्रकरण नवी मुंबईतल्या एका नागरी आरोग्य केंद्रासाठी लिहिलेल्या अहवालाचं आहे. प्रसंग आणि आकडे समजावण्यासाठी बांधलेले आहेत, पण अशी वाक्यं प्रबंधांत आणि अहवालांत नेहमी सापडतात.

अभ्यास साधा होता. उच्च रक्तदाबाचे रुग्ण गोळ्या घेऊन जातात आणि महिन्याने तपासणीला यायचं विसरतात. ठरलेल्या तारखेच्या दोन दिवस आधी नर्सने फोन केला तर जास्त रुग्ण परत येतात का, हे पाहायचं होतं. २०० रुग्ण घेतले. कोणाला फोन करायचा हे बंद लिफाफ्यातल्या चिठ्ठीने ठरवलं, दोन्ही गटांत शंभर-शंभर. फोन केलेल्यांपैकी ६२ जण वेळेवर आले, न केलेल्यांपैकी ४८. म्हणजे शंभरामागे १४ रुग्ण जास्त. काय-वर्ग चाचणीत, म्हणजे काय-स्क्वेअर टेस्टमध्ये, पी-व्हॅल्यू ०.०४७ आली.

कच्च्या अहवालातल्या निष्कर्षात हे वाक्य होतं:

‘पी-व्हॅल्यू ०.०४७ असल्यामुळे शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता केवळ ४.७ टक्के आहे. म्हणजेच फोनमुळे उपस्थिती वाढते हे ९५.३ टक्के खात्रीने म्हणता येते.’

शून्य परिकल्पना म्हणजे नल हायपोथेसिस: फोन करा वा करू नका, येणाऱ्यांचं प्रमाण सारखंच. गणितात चूक नव्हती, आकडेही बरोबर उतरवले होते. चूक होती ती ‘असल्यामुळे’ आणि ‘शक्यता’ या दोन शब्दांच्या मधे.

‘जर’ कुठे गेला

पी-व्हॅल्यूची व्याख्या ‘जर’ने सुरू होते. जर फोनचा काहीच परिणाम नसेल, आणि चाचणीची बाकीची गृहीतकंही लागू असतील, तर दोन गटांत एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती? उत्तर: ४.७ टक्के. या प्रश्नात शून्य परिकल्पना खरी आहे हे आधीच धरलेलं आहे. जे धरून हिशोब सुरू केला, त्याच्याच खरेपणाची शक्यता त्या हिशोबातून निघू शकत नाही. अहवालातल्या वाक्याने ‘जर’ गाळला आणि उरलेला आकडा उलट दिशेने वाचला.

दिशा उलटली की काय होतं हे ठाणे स्टेशनवर उभं राहून पाहता येतं. जुलैत मुसळधार पाऊस पडत असेल तर लोकल उशिरा येण्याची शक्यता पुष्कळ. पण लोकल उशिरा आली म्हणून पाऊस पडत असण्याची शक्यता तेवढीच धरली, तर मे महिन्यातही छत्री उघडावी लागेल. गाडी उशिरा यायला सिग्नलचा बिघाड, मेगाब्लॉक, अशी इतर कारणं असतात. ‘पाऊस असेल तर उशीर’ आणि ‘उशीर असेल तर पाऊस’ हे दोन वेगळे आकडे आहेत. एकावरून दुसऱ्यावर जायचं तर त्या दिवसांत पाऊस मुळात किती वेळा पडतो आणि पाऊस नसताना गाडी किती वेळा उशिरा येते, हे दोन्ही माहीत हवं.

मराठीत ही गल्लत सहज होते, कारण ‘शक्यता’ हा एकच शब्द आपण दोन्हीकडे वापरतो, आणि अट वाक्याच्या सुरुवातीला एकदा येऊन गेली की शेवटच्या क्रियापदापर्यंत पोचताना ती वाचणाऱ्याच्या हातून सुटते. म्हणून दुरुस्ती करताना पहिला नियम असा: अट आणि आकडा एकाच वाक्यात, शक्य तितके जवळ. ‘जर’ एका परिच्छेदात आणि ४.७ टक्के पुढच्या परिच्छेदात असं कधी लिहू नये.

चिठ्ठ्यांनी पाहिलं तर

विभागातल्या संख्याशास्त्राच्या सरांनी अहवाल लिहिणाऱ्या विद्यार्थिनीला सूत्र दाखवायच्या आधी टेबलावर कागदाचे तुकडे ठेवायला सांगितले.

“दोनशे चिठ्ठ्या घे. एकशे दहांवर ‘आला’ लिही, नव्वदांवर ‘नाही’. आता कोणाला फोन केला ते विसर. फोनचा परिणाम शून्य आहे असं धरलंय ना आपण? मग हे एकशे दहा जण कसेही आलेच असते.”

“मग दोन गट कसे पाडायचे, सर?”

“पिसून. वरच्या शंभर इकडे, खालच्या शंभर तिकडे. दोन ढिगांतल्या ‘आला’चा फरक मोज. पुन्हा पिस, पुन्हा मोज. चौदा किंवा त्याहून जास्त फरक कितीदा पडतो ते बघ.”

हाताने हे हजारो वेळा होत नाही. संगणकावर, R या संख्याशास्त्राच्या भाषेत, पाच ओळींत होतं:

```r
set.seed(1)
chitthya <- rep(c(1, 0), c(110, 90))
farak <- replicate(20000, {
  2 * sum(sample(chitthya, 100)) - 110 })
mean(abs(farak) >= 14)
```

उत्तर साधारण ०.०६५ येतं, म्हणजे शंभरात सहा-सात वेळा. या पूर्ण खेळात फोनचा परिणाम कुठेच नाही; प्रत्येक वेळी शून्य परिकल्पना शंभर टक्के खरी आहे, कारण आपणच ती तशी ठेवली. तरीही मोठा फरक अधूनमधून पडतो, आणि तो किती वेळा पडतो हेच पी-व्हॅल्यू सांगते. ‘शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता’ शोधायची तर या टेबलावर दुसऱ्या प्रकारच्या चिठ्ठ्याही लागतील, फोनचा परिणाम खरोखर असलेल्या. त्या इथे नाहीतच.

विद्यार्थिनीने लगेच विचारलं की अहवालात ०.०४७ आहे, मग इथे ०.०६५ कसं. प्रश्न रास्त होता, आणि त्याच्या उत्तरातूनच मूळ वाक्य सगळ्यात स्पष्टपणे कोसळतं. काय-वर्ग चाचणी मोजणीच्या पायऱ्यांऐवजी गुळगुळीत वक्र वापरते. फ्रँक येट्स यांनी १९३४ मध्ये सुचवलेलं करेक्शन लावलं की तिचं उत्तर चिठ्ठ्यांच्या उत्तराजवळ येतं. R मध्ये हे करेक्शन आपोआप लागतं, बंद करायचं तर सांगावं लागतं:

```r
prop.test(c(62, 48), c(100, 100))
prop.test(c(62, 48), c(100, 100), correct = FALSE)
```

पहिल्या ओळीची पी-व्हॅल्यू ०.०६५, दुसरीची ०.०४७. रुग्ण तेच, उपस्थिती तीच. आता अहवालातलं वाक्य खरं मानलं, तर एक पर्याय बदलताच फोन निरुपयोगी असण्याची शक्यता ४.७ टक्क्यांवरून ६.५ टक्के झाली असं म्हणावं लागेल. नर्सचा फोन आणि रुग्णाची स्मरणशक्ती यांना त्या पर्यायाचा पत्ताही नाही. बदलली ती ‘जर’नंतरच्या हिशोबाची पद्धत.

यापैकी कोणता आकडा अहवालात ठेवायचा, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर निकाल पाहून देता येत नाही. या अभ्यासाच्या आराखड्यात करेक्शन नसलेली चाचणी आधीच लिहून ठेवलेली होती, म्हणून ०.०४७ राहिला. पण करेक्शन लावल्यास ०.०६५ येते, ही नोंद तक्त्याखाली घातली. निकाल ‘सिग्निफिकंट’ म्हणायची रेषा सहसा ०.०५ वर धरतात; तिच्या अलीकडे-पलीकडे पद्धतीनुसार हलणारा निकाल किती नाजूक आहे, हे वाचणाऱ्याला कळायलाच हवं.

मग खरी शक्यता किती?

हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो आणि तो टाळू नये. शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता काढता येते, पण त्यासाठी अभ्यासाबाहेरची एक गोष्ट लागते: असे उपाय मुळात किती वेळा उपयोगी ठरतात याचा आधीचा अंदाज. अभ्यासाची ताकदही लागते, म्हणजे खरा फरक असेल तर तो अभ्यासात पकडला जाण्याची शक्यता. खरा फरक शंभरामागे १४ चा असता, तरी शंभर-शंभर रुग्णांच्या अभ्यासात तो ०.०५ च्या खाली येण्याची शक्यता जेमतेम निम्मी आहे.

असे १,००० अभ्यास झाले असं धरू. आधीचा अंदाज असा की निम्मे उपाय उपयोगी आहेत. उपयोगी ५०० पैकी ताकद निम्मी म्हणून २५० अभ्यासांत पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली येईल. निरुपयोगी ५०० पैकी पाच टक्के, म्हणजे २५ अभ्यासांतही ती खाली येईल. ‘सिग्निफिकंट’ निकाल एकूण २७५, त्यांतले २५ खोटे: सुमारे ९ टक्के. आता अंदाज बदलू, दहातला एकच उपाय उपयोगी. मग १०० पैकी ५० खरे निकाल आणि ९०० पैकी ४५ खोटे. ९५ मधले ४५, म्हणजे ४७ टक्के. पी-व्हॅल्यूची रेषा दोन्हीकडे तीच, पण शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता एकीकडे ९ आणि दुसरीकडे ४७.

यातही एक बारीक गोष्ट आहे. हा हिशोब ०.०५ च्या खालच्या सगळ्या निकालांचा एकत्र आहे, ०.००१ वालेसुद्धा त्यात आले. आपल्याकडे आलेली ०.०४७ रेषेला चिकटलेली आहे, आणि तिचा पुरावा त्या सरासरीपेक्षा कमकुवत. सेल्के, बायारी आणि बर्गर यांनी २००१ मध्ये यासाठी एक खालची मर्यादा मांडली: पी-व्हॅल्यू p असेल तर शून्य परिकल्पनेच्या बाजूचं पारडं बऱ्याच सर्वसाधारण परिस्थितींत `-e * p * log(p)` पेक्षा हलकं होत नाही. ०.०४७ साठी हा आकडा सुमारे ०.३९ येतो. सुरुवातीला दोन्ही बाजू समसमान धरल्या, तर शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता किमान ०.३९ भागिले १.३९, म्हणजे २८ टक्के. मूळ वाक्यातल्या ४.७ च्या जवळजवळ सहापट. हा आकडा अहवालात घालायचा नव्हता, कारण समसमान सुरुवात हेही आपणच धरलेलं आहे. चूक किती मोठी आहे, याचं माप घेण्यापुरता तो काढला.

दुरुस्तीचे मसुदे

एका फटक्यात वाक्य सुधारत नाही, आणि मधले मसुदेच जास्त शिकवतात.

विद्यार्थिनीने आधी लिहिलं: ‘हा फरक निव्वळ योगायोगाने आला असण्याची शक्यता ४.७ टक्के आहे.’ ऐकायला हे सौम्य वाटतं, पण चूक तीच आहे. ‘फरक निव्वळ योगायोगाने आला’ म्हणजेच ‘शून्य परिकल्पना खरी आहे’. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये पी-व्हॅल्यूबद्दल निवेदन काढलं, त्यात ही दोन्ही वाचनं एकाच कलमात नाकारली आहेत: परिकल्पना खरी असण्याची शक्यता, आणि आकडे केवळ योगायोगाने आले असण्याची शक्यता. दुरुस्ती करणारे बहुतेक जण इथेच थांबतात, म्हणून हा मसुदा मूळ वाक्यापेक्षा धोक्याचा.

दुसरा प्रयत्न: ‘शून्य परिकल्पना चुकून नाकारण्याची शक्यता ४.७ टक्के आहे.’ चुकून नाकारण्याचा दर अभ्यासाआधी ठरतो, तो इथे ५ टक्के होता, आणि तोही ‘शून्य परिकल्पना खरी असेल तर’ याच अटीवरचा. निकाल आल्यावर पी-व्हॅल्यू उचलून त्या जागी बसवता येत नाही. आता नाकारलं आहे, तर ते चुकीचं असण्याची शक्यता किती, हा पुन्हा उलट्या दिशेचा प्रश्न झाला. त्याचं उत्तर वर ९ आणि ४७ असं दोन वेळा वेगळं आलंच.

तिसरा मसुदा व्याख्येप्रमाणे बिनचूक होता: ‘फोनचा काहीही परिणाम नसेल आणि चाचणीची इतर गृहीतके लागू असतील, तर दोन गटांत एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता ४.७ टक्के आहे.’ पण निष्कर्षाच्या जागी हे वाक्य ठेवलं की आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना हवी ती माहितीच त्यात नाही: फरक किती, आणि तो किती खाली-वर असू शकतो. पी-व्हॅल्यूचं चुकीचं वाचन मुळात यासाठीच होतं की लोकांना एका आकड्याकडून निर्णय हवा असतो. तो आकडा नीट समजावून उपयोग थोडा; निर्णयाला लागणारे आकडे शेजारी ठेवले तरच हात चुकीच्या आकड्याकडे जात नाही.

शेवटचा मसुदा असा झाला:

‘फोन केलेल्या १०० रुग्णांपैकी ६२ आणि न केलेल्या १०० पैकी ४८ वेळेवर आले. शंभरामागे १४ रुग्णांचा फरक दिसला. ९५ टक्के विश्वासांतर ०.३ ते २७.७. फोनचा परिणाम शून्य असता तर एवढा किंवा याहून मोठा फरक साधारण शंभरात पाच वेळा दिसला असता (p = ०.०४७). हे आकडे परिणाम शून्य असण्याशी फारसे जुळत नाहीत, पण परिणाम अगदी लहान असण्याशीही जुळतात. फोन उपयोगी असण्याची शक्यता किती, हे या चाचणीतून काढता येत नाही.’

विश्वासांतर म्हणजे कॉन्फिडन्स इंटरव्हल. ते घातलं आणि तीच चूक नव्या दाराने आत यायला निघाली: ‘खरा फरक ०.३ ते २७.७ यांच्यामध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के’ असं चर्चेच्या भागात लिहिलं गेलं होतं. ९५ टक्के हा पद्धतीचा गुण आहे: अशाच रीतीने पुन्हा पुन्हा अभ्यास करून अंतरं काढली, तर शंभरातली सुमारे पंच्याण्णव अंतरं खऱ्या फरकाला कवेत घेतील. हाती आलेलं हे एक अंतर त्यांतलंच आहे की उरलेल्या पाचांतलं, ते त्यावर लिहिलेलं नसतं. अहवालात सोपं आणि बरोबर वाक्य असं ठेवता येतं: ‘०.३ ते २७.७ यांतल्या कोणत्याही फरकाशी हे आकडे जुळतात.’

वाक्य एक, जागा चार

निष्कर्ष सुधारला तरी अहवाल सुधारत नाही. तीच समजूत सारांशात ‘९५.३ टक्के खात्रीने’ म्हणून होती, तक्त्याखालच्या टिपेत ‘योगायोगाची शक्यता’ म्हणून होती आणि सादरीकरणाच्या शेवटच्या स्लाइडवर ‘९५% सिद्ध’ म्हणून होती. फाइलमध्ये ‘शक्यता’, ‘खात्री’, ‘योगायोग’, ‘सिद्ध’ हे चार शब्द शोधले की बहुतेक जागा सापडतात. प्रत्येक ठिकाणी एकच विचारायचं: हा आकडा ज्या अटीखाली काढला, ती अट या वाक्यात आहे का? ‘१०० वजा पी-व्हॅल्यू’ दिसला की अट गेलेलीच असते, ९५.३ कशाचीच खात्री देत नाही.

हीच चूक उलट्या अंगानेही होते. याच अभ्यासात रक्तदाबाच्या सरासरीतल्या फरकाची पी-व्हॅल्यू ०.६० आली असती, तर ‘फरक नसण्याची शक्यता ६० टक्के’ किंवा नुसतं ‘फरक नाही’ असं लिहिलं गेलं असतं. लहान अभ्यासात मोठी पी-व्हॅल्यू सहज येते. तिथेही विश्वासांतर पाहायचं: ते अरुंद असेल आणि शून्याला धरून असेल तर मोठा फरक नसावा असं म्हणता येईल, रुंद असेल तर कळलं नाही एवढंच.

अहवाल आरोग्य केंद्रात वाचून दाखवला तेव्हा सिस्टरांचा प्रश्न सरळ होता: “एक पेशंट जास्त यावा म्हणून मी किती फोन करू?” शंभर फोनमागे १४ जास्त, म्हणजे सुमारे सात. पण विश्वासांतराची दोन टोकं धरली तर चारही पुरतील किंवा पावणेतीनशेहून जास्तही लागतील. आठवड्याला चाळीसेक फोन होतात, तेवढे चालू ठेवायचे आणि पुढच्या ४०० रुग्णांची नोंद त्याच लिफाफ्यांच्या पद्धतीने करायची, असं तिथे ठरलं.